कॉलनीतली अडलेली गरज शोधताना: दळणापासून निवडण्यापर्यंतच्या नोंदी (विश्रामबाग, सांगली)

४ फेब्रुवारी २०२४, रविवार

कॉलनीत ८४ घरं. ५२ बंगले आणि रो-हाऊस, शिवाय दोन अपार्टमेंटमध्ये मिळून ३२ फ्लॅट. बांधकाम पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचं, त्यामुळे बऱ्याच घरांत आता साठी-सत्तरीतलं जोडपं राहतं आणि मुलं पुण्यात किंवा त्याहून लांब. इथे लोकांचं नेमकं काय अडतं आणि ते भागवून छोटा धंदा उभा राहतो का, हे पाहायचं आहे. भांडवल दहा हजारांच्या आत. गाळा भाड्याने घ्यायचा नाही.

पहिलं काम कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. ऑक्टोबरपासूनच्या मेसेजमध्ये "नंबर आहे का", "कोणी येतं का", "कुठे मिळेल" हे शब्द टाकून शोध घेतला. एकेक मागणी वहीत उतरवली. वहीत रकाने चार: काय मागितलं, किती घरांनी, त्याच घराने पुन्हा मागितलं का, आणि तोवर ते काय करून वेळ भागवतात. खरा उपयोग चौथ्या रकान्याचा. तो ग्रुप वाचून भरत नाही, त्यासाठी फाटकापाशी उभं राहावं लागतं.

११ फेब्रुवारी, रविवार

ग्रुपवरचा सगळ्यात मोठा ढीग प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनचा. पहिल्या नजरेला हाच धंदा वाटतो. पण तिसरा रकाना पाहिला तर एका घराने एकदा नंबर मागितला की तेच घर पुन्हा मागत नाही. नंबर मिळाला, फोनमध्ये साठवला, गरज संपली. नुसता नंबर दिल्याने जी गरज भागते तिच्यावर कोणी पैसे देत नाही. टाकी धुण्याची मागणीही बरीच होती, पण ते करणारे तीन-चार जण आधीच येतात आणि वर्षातून दोनदाच काम निघतं. इस्त्रीवाला आहे. डबेवाल्या काकू दोन आहेत.

मग फाटकापाशी सकाळी आठ ते अकरा कोण काय घेऊन बाहेर पडतं ते पाहिलं. दळणाचे डबे. स्कूटीच्या पायापाशी, सायकलच्या कॅरिअरला, एकदा तर रिक्षात शेजारच्या सीटवर. शेवटची गिरणी जवळच्या चौकातून उठल्यावर आता सांगली-मिरज रस्ता ओलांडून सव्वा किलोमीटर जावं लागतं. रिक्षावाल्याला जाऊन-येऊन ऐंशी रुपये आणि गिरणीला साठ, असा हिशोब एका घराचा निघाला.

ग्रुपवर चार महिन्यांत दळण हा शब्द एकदाही आलेला नाही. दळण ही काही ग्रुपवर टाकायची अडचण कोणाला वाटत नाही, ते घरातलं काम. दुसऱ्या कॉलनीत शोध घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: ग्रुपवर तक्रारी दिसतात. रोजची मुकाट कामं तिथे दिसत नाहीत. ती शोधायची तर लोक कशासाठी वाकडी वाट करतात आणि त्या वाकड्या वाटेवर पैसे मोजतात का, ते पाहावं लागतं.

२५ फेब्रुवारी, रविवार

घरोघर विचारणा पूर्ण. पाकिटाचं पीठ आणणारी २३ घरं, घरघंटी असलेली ११, गिरणीवर जाणारी ५०. या ५० घरांपुढे प्रश्न ठेवला, "डबा घरून नेऊन, दळून परत आणून दिला तर चालेल का? वीस रुपये वरखर्च." २७ घरं हो म्हणाली. "करा की, लई बरं होईल" असं उत्साहाने म्हणणारीच जास्त.

या २७ आकड्यावर काहीही उभं करायचं नाही असं ठरवलं. दारात उभ्या माणसाला आपल्याकडे कोणी नाही म्हणत नाही, चहासुद्धा विचारतात. आता मत विचारायचं नाही, डबा मागायचा. मंगळवारी सकाळी नऊपर्यंत धान्याचा डबा पायरीवर ठेवा, एवढाच निरोप.

५ मार्च, मंगळवार

पायरीवर डबे ८.

१२ मार्च, मंगळवार

डबे ५. त्यातले चार आधीचेच.

वीस रुपये जास्त होतात का म्हणून एका गल्लीत पहिली खेप फुकट सांगून पाहिली. तरी फरक नाही. म्हणजे अडचण पैशाची नाही. अशा वेळी दर कमी करत बसण्यात आठवडे जातात. हो म्हणून डबा न ठेवणाऱ्या घरीच जाऊन, डबा का नाही ठेवला असं न विचारता, शेवटचं दळण कधी आणि कसं झालं एवढंच विचारलं. उत्तरं जवळपास एकाच छापाची आली. "अहो, निवडूनच होत नाही. न निवडलेला डबा कसा देऊ?" एका काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, खडा दिसत नाही. दुसरीकडे दोघंही नोकरीला, रविवारी निवडायचं म्हणतात आणि रविवार जातो. एका घरी कोठीत गहू भरलेला असताना तीन आठवडे पाकिटाचं पीठ चाललेलं.

गिरणी लांब आहे ही अडचण खरी, पण ती दुसरी. पहिली तिच्या एक पायरी अलीकडे, परातीपाशी. डबा उचलण्याची सोय करून उपयोग नव्हता कारण डबा तयारच होत नव्हता.

१६ मार्च, शनिवार

निवडण्याला वेळ किती लागतो ते मोजल्याशिवाय दर ठरवता येणार नाही. तीन घरांकडून प्रत्येकी पाव किलोचा नमुना घेतला. निवडायला दोन मावशी, दोघीही याआधी किराणा दुकानात धान्य साफ करायच्या.

दुकानातून आलेला मशीन क्लीन गहू: पाव किलोला दीड मिनिट, म्हणजे तासाला दहा किलो. कचरा एक-दोन ग्रॅम, बहुतेक फुटके दाणे. गावाकडून पोत्यात आलेला गहू: पाव किलोला जवळजवळ चार मिनिटं, तासाला चार किलोच्याही आत. कचरा आठ-नऊ ग्रॅम, त्यात मातीची ढेकळं, काड्या, वरचं टरफल न सुटलेले दाणे आणि गव्हाच्याच आकाराचे खडे. शाळू या दोन्हींच्या मधे.

याचा अर्थ "गहू" हे एक काम नाही. पोतं उघडून पाहिल्याशिवाय दर सांगायचा नाही.

२६ मार्च, मंगळवार

होळीच्या आधी मागणी वाढली आणि घाईत सरसकट आठ रुपये किलो दर सांगितला गेला, त्यातले सहा मावशींना. चार दिवसांत ते बिघडलं. मशीन क्लीन गव्हावर मावशींना तासाला साठ रुपये सुटतात, गावाकडच्या गव्हावर चोवीसच्याही आत. साहजिकच सोपे डबे सकाळीच संपायचे आणि जड पोती कोपऱ्यात पडून राहायची. ज्यांना खरी गरज त्यांचंच काम मागे पडलं.

दोन दुरुस्त्या केल्या.

पहिली, उतरती चाळण. लाकडी चौकट तीन फूट बाय दोन फूट, एका टोकाला विटांवर टेकवलेली. वरची जाळी पाच मिलिमीटर गोल भोकांची, तिच्यावर काड्या आणि ढेकळं अडकतात. खालची दोन मिलिमीटरची, तिच्यातून माती आणि चुरा पडतो. गहू दोन्हींच्या मधून घसरत येतो. फॅब्रिकेटरने १,४५० रुपये घेतले. चाळून, मग सुपात पाखडून, मग परातीत निवडलं की गावाकडच्या गव्हाचा वेग तासाला सहा किलोवर येतो. दाण्याएवढा खडा मात्र कुठल्याही चाळणीतून दाण्याबरोबरच येतो. त्याला डोळे आणि बोटंच लागतात, म्हणूनच हे काम अजून हाताचं उरलंय. शाळूला पाच मिलिमीटरची जाळी चालत नाही, टपोरा दाणा भोकात बसतो आणि चाळण तुंबते. त्यासाठी सहा मिलिमीटरची वेगळी जाळी, ३५० रुपये.

दुसरी, दोन दर. साधं धान्य सहा रुपये किलो, त्यातले साडेचार मावशींना. जड धान्य दहा रुपये, त्यातले साडेसात मावशींना. साधं तासाला दहा किलो आणि जड सहा किलो धरलं तर दोन्हीकडे मावशींची कमाई तासाला पंचेचाळीसच येते. डबा कोणता उचलावा हा वाद त्याच दिवशी संपला. शाळू जड दरातच धरला आहे.

दर दारातच ठरतो. पाव किलो परातीत पसरायचा, घरातल्या माणसासमोर कचरा बाजूला काढायचा. चार ग्रॅमच्या वर गेला तर जड. ग्रॅम मोजणारा छोटा काटा त्यासाठी पुरतो, पण तो फक्त कचरा पाहायला. पैसे ज्या वजनावर घ्यायचे तो तीस किलोचा काटा वैधमापन विभागाचा शिक्का असलेलाच घेतला, ३,२०० रुपये. दरवर्षी पुन्हा तपासून घ्यावा लागतो.

९ एप्रिल, मंगळवार, पाडवा

आज काम बंद. घोळांची यादी करायला वेळ मिळाला. यातले तीन घोळ कोणाच्याही वाट्याला येतील.

डब्यांची अदलाबदल. सगळ्यांचे डबे स्टीलचे आणि सारखेच. मार्करने घातलेला नंबर पिठाच्या हाताने दोन खेपांत पुसतो, चिकटपट्टी गिरणीच्या उष्णतेने सुटते. आता कडीला तारेने पत्र्याचा बिल्ला बांधला आहे, घरनंबर ठोकलेला. बिल्ला डब्याला, झाकणाला नाही. झाकणं गिरणीत हमखास बदलतात.

गरम पीठ. दगडी जात्यातून पीठ चांगलंच गरम येतं. झाकण लगेच लावलं की वाफ झाकणाला धरते, पाणी परत पिठावर पडतं आणि वरचा थर गाठीचा होतो. घरच्यांना ते चार दिवसांनी वास आल्यावर कळतं आणि दोष निवडणाऱ्यावर येतो. आता गिरणीतून उचलताना डब्याच्या तोंडाला फक्त मलमलचं फडकं आणि रबर. कॉलनीत आल्यावर दोन तास सावलीत, हात घालून मधलं पीठ कोमट लागलं तरी थांबायचं, पूर्ण गार झाल्यावर झाकण.

कशावर काय दळलं. शाळूनंतर लगेच गहू टाकला तर जात्यात उरलेलं ज्वारीचं पीठ गव्हात येतं. गव्हाच्या पिठाचा चिकटपणा त्यात नसतो, त्यामुळे पहिल्या एक-दोन किलोच्या चपात्या लाटताना फाटतात. उलट झालं तर भाकरीचं फारसं बिघडत नाही, पण गहू न चालणारं कोणी घरात असेल तर ते मुळीच चालणार नाही, अशा घरांना सरळ नाही सांगितलं आहे. गिरणीवाल्या काकांशी बोलून अकरा ते साडेबारा ही वेळ घेतली, तेव्हा त्यांच्याकडे गर्दी नसते. आपले सगळे गहू आधी, मग शाळू, बाजरी शेवटी. ते एकगठ्ठा सोळा-सतरा डबे मिळतात म्हणून खूश आहेत, दरात सवलत मात्र दिली नाही आणि ती मागणंही बरं नव्हतं. वेळ मिळाली हेच मोठं.

प्रत्येक डब्यात आता चिठ्ठी असते: धान्य, वजन, जाड की बारीक, निवडलेलं की घरचं निवडून आलेलं.

१६ एप्रिल, मंगळवार

आठवड्याचा हिशोब. १९ घरं, १६ डबे, ९६ किलो. त्यातलं ६० किलो साधं आणि ३६ किलो जड. नेण्या-आणण्याचे ३२० रुपये. निवडण्यातून मावशींचे देऊन उरलेले ९० आणि ९०, म्हणजे १८०. एकूण ५००. पेट्रोल, फडकी, चिठ्ठ्या मिळून १२० गेले. हातात ३८० रुपये आठवड्याला.

महिन्याला सोळाशेच्या आसपास. याला धंदा म्हणायची घाई नको.

घरं वाढवली तर आकडा वाढेल, पण किती वाढू शकतो याला मर्यादा आहे आणि ती ग्राहकाच्या बाजूने मोजलेली बरी. दहा किलो साध्या गव्हाला निवडणं ६०, दळण ६०, ने-आण २०, असे १४० रुपये. गहू ३४ रुपये किलोने धरला तर ३४०. पीठ पडलं ४८ रुपये किलोने. पाकिटातलं गव्हाचं पीठ दुकानात याहून स्वस्त मिळतं. म्हणजे पाकीट आणणारी २३ घरं आपल्याकडे वळणार नाहीत, त्यांच्या दारात वेळ घालवायचा नाही. आपलं गिऱ्हाईक म्हणजे ज्यांच्या कोठीत धान्य आधीच भरलेलं आहे. त्यांच्या मनात गव्हाची किंमत वर्षापूर्वीच खर्ची पडलेली असते, ते १४० रुपयांचीच तुलना करतात, तीही रिक्षा आणि गिरणी मिळून जाणाऱ्या १४० रुपयांशी.

शाळूचं गणित वेगळं आहे आणि जास्त भक्कम. ज्वारीचं पीठ थोड्या दिवसांत विरी सोडतं. विरी गेली की भाकरी थापताना कडा तडकतात, उचलताना मोडते. दुकानातलं पाकीट कधी दळलेलं कोण जाणे, त्यामुळे रोज भाकरी लागणारं घर पाकिटावर जातच नाही. अशा घरांना दर आठ दिवसांनी तीन किलो ताजं लागतं. गव्हाचा डबा महिन्यातून दोनदा निघतो, शाळूचा चारदा. आतापासून नवीन घराशी बोलताना पहिला प्रश्न "घरात भाकरी रोज होते का?"

३ मे, शुक्रवार

वर्षाच्या धान्याचा हंगाम सुरू. एकेका घरी क्विंटल-दीड क्विंटल गहू, पन्नास किलो शाळू, डाळी, शिवाय गावाकडून येणारं वेगळं. हे सगळं भरून ठेवण्याआधी निवडून, ऊन दाखवून, थंड करून कोठीत घालायचं. पूर्वी घरात चार बायका बसायच्या, आता एकीवर येतं. त्यामुळे इथे नुसतं निवडणं मागत नाहीत, "भरून द्या" म्हणतात.

ठरवलेला दर: निवडणं जड दराने दहा रुपये, आणि ऊन दाखवणं, एरंडेल चोळणं, कोठीत भरणं यांचे वेगळे दोन रुपये किलो. एरंडेल घरच्यांचं. दोन मावशी पुरणार नाहीत म्हणून चौघी. चौघी रोज सहा तास बसल्या तर दिवसाला १४० किलोच्या जवळ होतं.

काम त्यांच्याच गच्चीवर किंवा अंगणात करायचं. धान्य घराबाहेर न्यायचं नाही. याला कारण अविश्वास नाही, क्विंटलभर गहू हलवण्याची मजुरीच परवडत नाही.

१० मे, शुक्रवार, अक्षय्य तृतीया

एका घरचा जुना गहू नव्याबरोबर निवडायला आला. परातीत पारद गोळी सापडली, धान्याला कीड लागू नये म्हणून टाकतात ती. कापडाची पुरचुंडी जुनी होऊन फाटलेली. तिथे दिसली म्हणून बरं, थेट गिरणीत गेली असती तर दळली गेली असती.

आता धान्य घेण्याआधी विचारायचंच: कोठीत काय टाकलं होतं? कडुलिंबाचा पाला, एरंडेल, बोरिक पावडर, पारद गोळ्या. गोळ्या असतील तर किती घातल्या होत्या तो आकडा चिठ्ठीवर लिहून तेवढ्या मोजून निघाल्याशिवाय डबा पुढे जात नाही. आकडा आठवत नसेल तर सगळं धान्य पातळ थराने चादरीवर पसरून पाहायचं, वेळ लागला तरी. बोरिक पावडर लावलेला गहू दळायला घेत नाही. तांदूळ किंवा डाळ धुतली जाते, गहू न धुताच दळतात. पोतं उघडल्यावर लसणासारखा उग्र वास आला, किंवा राखाडी पुडी दिसली, तर हात न लावता लगेच मोकळ्या हवेत बाहेर यायचं, घरच्यांनाही बाहेर बोलवायचं आणि गोळ्या कुठून आणल्या ते विचारायचं. गोदामात धुरी द्यायच्या गोळ्यांचा वायू जीवघेणा असतो. त्या राहत्या घरात वापरायच्याच नसतात, आणि काही जण ओळखीने मिळाल्या म्हणून आणतात. अशा घराचं काम घ्यायचं नाही.

एरंडेल चोळलेल्या जुन्या गव्हाला माती चिकटून बसते, चाळणीत सुटत नाही. तो आधी कोरड्या जाड कापडावर घोळवून घ्यावा लागतो. वेग पुन्हा चार किलोवर येतो, त्यामुळे जड दरातही तोट्याचा. असा गहू आता बारा रुपयांनी, मावशींना त्यातले साडेनऊ. दोन-तीनच घरं निघाली.

२८ मे, मंगळवार

हंगाम जवळपास उरकला. ११ घरं, १,२४० किलो. निवडण्यातून किलोमागे अडीच रुपये म्हणजे ३,१००, भरण्याचे २,४८०. भरण्याच्या कामात मावशींना वेगळे एक रुपया किलोने १,२४० दिले. उरले ४,३४०. चाळण, जाळी, काटा, सुपं, चादरी, बिल्ले मिळून आजवरचा खर्च ६,९००. एप्रिल-मेच्या आठवड्यांचं उत्पन्न धरून भांडवल परत आलं.

एक गोष्ट आधी ठरवायला हवी होती ती म्हणजे तूट. निवडल्यावर वजन कमी होतं, ऊन दाखवल्यावर आणखी थोडं कमी होतं कारण ओल उडते. क्विंटलमागे तीन किलो कमी भरलं की घरच्यांच्या कपाळावर आठी येते, विचारत कोणी नाही. आता कचरा पिशवीत भरून, वजन लिहून, धान्याबरोबर परत देतो. काही जण तो गाईला घालतात, काही पाखरांना. उन्हाआधीचं आणि नंतरचं वजन वेगळं लिहितो. आठी गेली.

११ जून, मंगळवार

शेजारच्या संकुलात हेच करून पाहिलं. वालचंद आणि विलिंग्डन कॉलेजांमुळे तिथे भाडेकरू विद्यार्थी आणि नवी नोकरी लागलेली जोडपी जास्त. दोन आठवड्यांत एकही डबा नाही. तिथे फ्लॅटमध्ये कोठी नाही, धान्याचं पिंप नाही, गॅस आहे पण कणीक मळणारं कोणी नाही. त्यांच्या जिन्यात सकाळी दिसतात ते बाहेरून आलेले जेवणाचे डबे आणि दुपारी वस्तू पोचवणारी मुलं. तिथली अडचण काही वेगळीच असणार, तिच्यासाठी पुन्हा फाटकापासून सुरुवात.

यावरून नव्या कॉलनीत दार वाजवण्याआधी पाहायच्या खुणा ठरल्या. गच्चीवर मे महिन्यात धान्य वाळतं का. जिन्याखाली पिंप आहे का. स्कूटीवर डबा दिसतो का. तीनपैकी दोन दिसल्या तरच पुढे.

१६ जुलै, मंगळवार

उद्या आषाढी. उपासाच्या पिठाची मागणी आली, वरई, राजगिरा, साबुदाणा. गिरणीत गव्हावर दळलेलं चालत नाही, आणि एक-दीड किलोसाठी जातं धुऊन देणार कोण? पहिल्यांदा नाहीच सांगितलं. मग कॉलनीतल्या ११ घरघंट्यांकडे लक्ष गेलं. त्यातल्या बऱ्याच महिन्यातून चार वेळाच चालतात. एका काकूंनी आपली घंटी आठ दिवस फक्त उपासाला ठेवली: आतला डबा आणि जाळी काढून ब्रशने झाडली, पहिली मूठभर वरई दळून टाकून दिली, मग गिऱ्हाइकाचं दळण. किलोला वीस रुपये, त्यातले सोळा काकूंचे. २३ किलो झालं. साबुदाणा एकटा टाकला तर उष्णतेने चिकटून जाळी बुजते, म्हणून तो वरईत मिसळून घ्यायचा.

पीठ तयार करून पाकिटात विकावं अशी सूचना दोघा-तिघांनी केली. पीठ विकायचं म्हटलं की एफएसएसएआयची नोंदणी आणि पाकिटावरच्या मजकुराचे नियम आले, शिवाय धान्याचं भांडवल आपलं अडकतं. सध्या धान्य घरच्यांचं, मेहनत आपली, एवढंच.

३० जुलै, मंगळवार

पावसाळ्यातले बदल चालू आहेत. पावसात डब्याचं तोंड फडक्याने उघडं ठेवून आणता येत नाही, म्हणून पीठ गिरणीतच दीड तास थांबवतो, तेवढी जागा काकांनी मागच्या बाजूला दिली. डब्याखाली फळी, जमिनीची ओल बुडातून चढते. दमट हवेत गहू मऊ पडतो आणि पीठ जाळीला धरतं, म्हणून "बारीक" सांगितलेल्या घरांना थोडं जाड येईल असं आधीच कळवलं. बाजरी पावसाळ्यात दोन किलोच्या वर घेत नाही, पीठ लवकर कडू होतं.

घरं २६. आठवड्याला डबे बावीस-चोवीस, त्यात शाळूचे निम्म्याहून जास्त. हातात महिन्याला अडीच हजारांच्या थोडं खाली. नेण्या-आणण्याचं काम एका मावशींच्या मुलाने सकाळच्या दोन तासांसाठी घेतलं, डब्यामागे बारा रुपये त्याचे. वीसपैकी आठच उरतात, पण वेळ सुटला आणि त्या वेळात तिखटाच्या हंगामासाठी मिरचीचे देठ खुडून घेणारी घरं किती, याची वही सुरू केली आहे. ग्रुपवर त्याचाही उल्लेख नाही. मार्चमध्ये पाच गच्च्यांवर मिरची वाळताना दिसली होती.